पाच माणसांची गाडी

श्री

निमखेडे, ता. अमळनेर
१२ जुलै १९९४

चि. मंदाकिनीस नानांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धुळ्याच्या खोलीत पाणी एक दिवसाआड येतं हे वाचून तुझी आई दोन दिवस तेच बोलत होती. मी म्हटलं, विमा कंपनीत नोकरीला आहे, पाण्याचाही विमा उतरवील. ती हसली नाही.

एक गोष्ट मनात आहे. सरल्या हंगामात कपाशीनं हात दिला. तुझा झुलालकाका म्हणाला, ‘भाऊ, आता घरात गाडी पाहिजे.’ मागच्या पौषात अक्काला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अमळनेरला न्यावं लागलं, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. माझ्याही. माझी थोरली बहीण, नवऱ्यामागं माझ्या ओट्यावर आली ती हक्कानं. तिला गवताच्या पेंढ्यावर निजवून नेलं. वाटेत माणसं विचारायची, ‘काय भरलंय?’

आमच्या पिढीत घरात चारचाकी आलेली नाही. मला त्यातलं कळत नाही. तू रोज गाड्यांचेच कागद बघतेस. म्हणून लिहितो, की तू पाहिल्याशिवाय, तू हो म्हटल्याशिवाय मी सौदा करणार नाही. हा माझा शब्द.

झुलालच्या मनात अँबेसेडर आहे. माझ्याही. पण तुझं मत कळव.

तुझा,
नाना

*

धुळे
२० जुलै १९९४

ती. नानांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. अजून गाडी आली नाही, पेढे कसले, असं आमचे रतिलालभाई म्हणाले. मी म्हटलं, वडिलांनी मला विचारलं, त्याचे.

नाना, माझं मत स्पष्ट आहे. नवीन मारुती घ्या. जळगावला नोंदणी होते. पूर्वीसारखी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही, काही महिन्यांत गाडी मिळते. माझी शिल्लक आहे, ती मी घालीन. यात नाही म्हणायचं नाही.

जुनी का नको ते सांगते. माझ्या टेबलावर रोज अपघाताच्या फायली येतात. लोकांना वाटतं गाडी म्हणजे लोखंड. आमच्या दृष्टीनं गाडी म्हणजे तिचं आर.टी.ओ.चं पुस्तक. पुस्तकात लिहिलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी जुळला, तरच ती गाडी ती गाडी. जुन्या गाडीचं काय काय बदललेलं असतं, कुणाच्या बँकेचा बोजा असतो, हे धनी बदलता बदलता कुणालाच ठाऊक राहत नाही. मग अपघात झाला की माणूस आमच्या बाकावर येऊन बसतो आणि आम्ही त्याला नाही म्हणतो. मी नाही म्हणून म्हणून थकलेय, नाना.

आणि एक. मी इथं सकाळी गाडी चालवायला शिकतेय. मारुती हलकी आहे, मला जमते. सुट्टीत घरी आले की आईला मी स्वतः दवाखान्यात नेईन.

शनिवारी, सहा ऑगस्टला, मी रजा काढते. जळगावला या सगळे. गाडी नुसती बघू.

आपली,
मंदा

*

श्री

निमखेडे
९ ऑगस्ट १९९४

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. जळगावला तू होतीसच, तरी मला काय दिसलं ते लिहितो, कारण एका जागी उभी राहिलेली दोन माणसं एकच गोष्ट बघतात असं नाही.

गाडी सुंदर होती. पांढरी, दुधाच्या सायीसारखी. मी खाली बसून तिच्या पोटाखाली वीत घालून पाहिली तेव्हा तो टायवाला पोरगा म्हणाला, ‘काका, खाली काय शोधताय?’ मी म्हटलं, ‘आमच्या गावचा रस्ता.’ सगळे हसले, तूही हसलीस. मी मात्र खरंच सांगत होतो. नाल्याजवळच्या चाकोरीत तिचं पोट टेकेल. काळ्या मातीत एकदा पोट टेकलं की बैलच लावावे लागतात.

पण माझं नाही म्हणणं त्यासाठी नाही. तू म्हणालीस, बसून बघा. मागं तुझी आई बसली, झुलालची कमल बसली, आणि जागा भरली; अक्काला मी हात धरून पुढं बसवलं. चाकापाशी मी. दार लागलं. आणि मी काचेतून पाहिलं, तर झुलाल बाहेर उभा. तो पोरगा म्हणाला, ‘तुम्ही पण या ना.’ झुलाल म्हणाला, ‘असू द्या, मी यष्टीनं येईन.’ हसत म्हणाला. त्याची तिन्ही पोरं त्याच्या पायाशी उभी होती, ती हसली नाहीत.

मंदा, आम्ही दोघं भाऊ, आमच्या बायका, अक्का, ही पाच मोठी माणसं आणि तीन पोरं. एका चुलीवर जेवतो. चार माणसांची गाडी दारात आली की प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बाजाराला कोणीतरी ओट्यावर उभं राहून जाणाऱ्यांकडे बघणार. पहिल्यांदा हसत बघेल. दुसऱ्यांदाही हसेल. घर भिंतीपासून फुटत नाही, पोरी. असल्याच गोष्टींपासून फुटतं.

अँबेसेडरमध्ये पुढं दोघं, मागं तिघं आरामात, पोरं मांडीवर. दार मोठं, बैठक उंच, अक्काला वाकावं लागत नाही. आणि डिझेलवर चालते. माझं एवढंच मागणं आहे, की देवाच्या दारी जायचं तर सगळ्यांनी एकदम जावं.

तुझा,
नाना

*

धुळे
१७ ऑगस्ट १९९४

ती. नानांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं खरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही. गावात मारुती आली तर लोक म्हणतील, अभिमन पाटलानं खेळणं आणलं. अँबेसेडर आली तर म्हणतील, गाडी आणली. राग मानू नका, पण झुलालकाकांचं नाव पुढं करून तुम्ही तुमची हौस सांगताय असं मला वाटलं. काका तर तिथंच मला म्हणाले, ‘मंदे, तुला आवडली ना, मग घेऊ.’

सोडा. मला भांडायचं नाही. तुम्हाला अँबेसेडरच हवी असेल तर अँबेसेडर घेऊ. पण निदान चांगली पाहू. गाडी बघायला जाल तेव्हा धन्याला सांगायचं, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नको. गार इंजिन एका हाकेत उठतं का ते बघायचं. तापवलेलं इंजिन कुणाचंही उठतं. मागच्या नळीतून निळा धूर आला तर समजायचं ती ऑइल खाते. स्टिअरिंग हलवून चाक किती उशिरा हलतं ते बघायचं. आणि पुस्तक मागून घ्यायचं. पुस्तक मी बघीन. तेवढं एक माझ्यावर सोडा. तुम्ही तसा शब्द दिलाय.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

आपली,
मंदा

*

श्री

निमखेडे
१० सप्टेंबर १९९४

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

गणपती बसले. पोळाही छान झाला, बैल सजवले, झुलालच्या धाकट्यानं शिंगांना निळा रंग फासून ठेवला, सगळं गाव हसलं.

पारोळ्याला एक गाडी आहे. देवचंद म्हणून माणूस आहे, बैलांचा व्यापारी. मी त्याच्याकडून दोनदा जोड्या घेतल्या आहेत आणि दोन्ही वेळा त्यानं सांगितलं तसेच बैल निघाले. त्याची अँबेसेडर. मोतिया रंग. स्वतःच वापरतो, भाड्यानं फिरवलेली नाही. तू लिहिल्याप्रमाणे गार इंजिन एका हाकेत उठलं. धूर निळा नव्हता.

मी त्याला विचारलं, ‘देवचंद, खोड सांग.’ तर म्हणतो, ‘आबा, मारका नई, बसका नई. डिझल पेस नि चालस.’

अठरा तारखेला रविवार आहे. तू थेट पारोळ्याला उतर. आम्ही तिथं असू. तू बघ आणि सांग.

तुझा,
नाना

*

धुळे
२० सप्टेंबर १९९४

ती. नानांस सा. न. वि. वि.

रविवारी तुमच्या तोंडावर बोलायचं ते मी गिळलं, कारण काका आणि आई होते. आता लिहिते.

गाडीचं आधी. देवचंदरावांनी पुस्तक दिलं. त्यात इंधनाच्या रकान्यात पेट्रोल लिहिलंय. आणि माझ्यासमोर गाडी डिझेलची खडखड करत होती. मी बॉनेट उघडलं, रुमालानं इंजिनवरचं ऑइल पुसलं, नंबर वाचला. पुस्तकातल्या नंबराशी त्याचा एकही आकडा जुळत नव्हता. मी विचारलं तर ते लपवाछपवी न करता म्हणाले, ‘हा मंग! पेट्रोल परवडे ना, जुनं काढं नि डिझलनं टाकं. चांगलं शे ना?’ म्हणजे हे तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ते बैलजोडीतला म्हातारा बैल काढून तरणा बैल घातल्यासारखं वाटलं असेल. जोडी तीच, आता जास्त ओढते.

गाडीचं तसं नसतं, नाना. इंजिन बदलता येतं. पण आधी आर.टी.ओ.ची परवानगी, मग नव्या इंजिनाचं बिल, मग तपासणी आणि पुस्तकात नोंद, असा तो रस्ता आहे. देवचंदरावांकडे बिल नाही. इंजिन भंगारातून उचललेलं. बिल नाही म्हणजे नोंद होणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. तुमच्या नावावर गाडी होईल, कारण नाव बदलायला कागद लागतात, गाडीचं पोट कोणी उघडत नाही. ती चालेलही. पण ज्या दिवशी ती कुठं धडकेल, त्या दिवशी विमा कंपनी म्हणेल, आम्ही ज्या गाडीचा विमा घेतला ती ही नाही. असं म्हणणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. मीच आहे.

हे सगळं मी तिथं हळू आवाजात तुम्हाला सांगत होते, तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत होतात. मला वाटलं विचार करताय. मग देवचंदराव हसत म्हणाले, ‘पोर, तू का इतली तपासी राहिनी? सौदा ते पोयालेच हुई गया. तुना बापनी विसार बी दिधा.’

पोळ्याला. पाच तारखेला. तुम्ही मला पत्र लिहिलंत दहा तारखेला, ‘तू बघ आणि सांग’ म्हणून. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवून झाला होता, आणि मी इथून आठवड्याची एकच सुट्टी घालवून, सुरतेच्या रस्त्यावरच्या तुडुंब बसमध्ये उभी राहून, गाडी ‘बघायला’ आले.

सौदा मोडा. विसाराची रक्कम बुडू दे. मी भरते.

मंदा

*

श्री

निमखेडे
१६ ऑक्टोबर १९९४

चि. मंदास आशीर्वाद.

दसऱ्याला गाडी घरी आली. अक्कानं ओवाळली. तुझी जागा रिकामी होती, ती सगळ्यांना दिसली.

उत्तराला उशीर झाला. पोळ्याच्या दिवशी देवचंद बैलांच्या बाजारात भेटला. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, मालेगावचं. देवचंदनं माझ्याकडे पाहिलं आणि हातावर रुमाल टाकला. मी हात घातला. बाजारात तेवढीच वेळ असते. मनात म्हटलं, मंदाला दाखवूच, ती काय नाही म्हणणार आहे?

आता विसार मोडायचा म्हणजे काय ते तुला सांगतो. पंचवीस वर्षं मी त्या बाजारात जातो. आंधळ्या बैलाचा विसार दिला तरी बैल घरी न्यायचा, असं माझे वडील करत. ज्याचा शब्द रुमालाबाहेर फिरला त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नाही. तू म्हणतेस मी भरते. ते पैशांचं नव्हे, पोरी.

तुला दिलेला शब्द मोडला, हे खरं आहे. पण तू घरची आहेस. घरच्या माणसापाशी माणूस थोडं मागंपुढं करतो, ते घरचं माणूस पोटात घालतं. म्हणूनच ते घरचं.

एक काम आहे. देवचंदचा विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा होता. आपल्याला पूर्ण उतरवायचा आहे. झुलाल म्हणतो, तपासणीला कोणी यावं लागतं. तुझ्या ऑफिसचंच काम, तू पुस्तकावरून लिहून घेतलंस तर होईल.

तुझी आई विचारते, दिवाळीला किती तारखेला येतेस.

नाना

*

धुळे
२५ ऑक्टोबर १९९४

ती. नानांस नमस्कार.

मी पुस्तकावरून लिहून घेणार नाही.

मालेगावचं अनोळखी गिऱ्हाईक उभं होतं म्हणून त्याच्यापुढं शब्द राखायचा, आणि मुलीपुढं मोडायचा, कारण ती पोटात घालील. नाना, घरातल्या माणसाला दिलेला शब्द हा शब्द नसतो, हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी पेढे वाटले नसते.

दिवाळीला ऑफिसात काम आहे.

मंदा

*

श्री

निमखेडे
२१ फेब्रुवारी १९९५

चि. मंदाकिनीस आशीर्वाद.

चार महिने झाले. तुझं पत्र नाही, माझंही नाही. तुझी आई कमलच्या थोरल्याकडून तुला कार्डं लिहून घेते ते मला माहीत आहे. म्हणजे तुला कळलंच असेल. तरी माझ्याकडून कळावं.

आम्ही गडावर गेलो होतो, सप्तशृंगीच्या दर्शनाला. सगळे एकदम. परतताना धुळ्यावरून आलो. तुझ्या चौकापाशी तुझी आई म्हणाली, ‘थांबा ना, पोरीला पाहू.’ मी म्हटलं, उशीर होईल. झुलालनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढं काढली.

अमळनेर रस्त्यावरच्या वळणाला समोरून कापसाचा ट्रक आला. गाठोडी दोन्ही बाजूंनी बाहेर, सगळा रस्ता त्याचाच. झुलालनं गाडी डावीकडं घेतली ती नाल्यावरच्या फरशी-पुलाच्या दगडावर. पुढचं सगळं आत आलं. तुझ्या आईचं मनगट मोडलं, आता प्लॅस्टर आहे. कमलचे पुढचे दोन दात गेले. अक्का आणि पोरं वाचली. देवीचीच कृपा म्हणायची.

पण झुलाल बोलत नाही. जेवतो, शेतात जातो. परवा ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘भाऊ, गाडी माझ्या हातून फुटली. माझ्या वाट्यातून भरून घ्या.’ मंदा, आमच्या घरात वाटा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कमल आत होती, तिनं भांडं आपटलं. म्हणाली, ‘वाटाच काढायचा तर बठ्ठाच काढा, सगळ्याचाच.’

अमळनेरच्या सुपडू एजंटानं तुमच्याच कंपनीचा पूर्ण विमा करून दिलेला आहे. पुस्तकावरून. क्लेम भरला आहे. तुमचा सर्व्हेअर येऊन गेला. इंजिनवर चिखल आणि ऑइल होतं, त्यानं नंबर पुस्तकातूनच उतरवून घेतला. विमा मिळाला की गाडी दुरुस्त होईल, झुलालच्या मनावरचा दगड उतरेल, आणि तो शब्द पुन्हा घरात निघणार नाही.

फाइल तुमच्या ऑफिसात आली असेल. तू काही करू नकोस. एवढंच मागणं आहे. काहीसुद्धा करू नकोस.

नाना

*

धुळे
१९ मार्च १९९५

ती. नानांस सा. न. वि. वि.

तुमचा क्लेम नामंजूर झाला. ऑफिसचं पत्र तुम्हाला रजिस्टरनं येईल. त्याआधी हे पोचावं म्हणून आज टाकतेय.

फाइल माझ्याच टेबलावर आली होती. सर्व्हेअरचा अहवाल पुस्तकाशी बरोबर जुळत होता. त्यात काहीच खोट नव्हती. मी ती तीन दिवस खणात ठेवली. रतिलालभाईंनी आडनाव वाचलं, गाव वाचलं, आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या. तोवर मी फाइल पुढं सरकवतो.’ ते चांगले आहेत. मी उठलेही. जिन्यापर्यंत गेले.

जिन्याखाली बाकावर शिरपूरची भिकुबाई बसली होती. नवऱ्याच्या टॅक्सीवर तिचं घर चालायचं. जानेवारीत टॅक्सी जळाली. त्यांनीही भंगारातलं डिझेल इंजिन बसवलेलं, पुस्तकात पेट्रोल. तिची फाइल मी नामंजुरीसाठी पुढं पाठवली होती. ती दर आठवड्याला येते. तिला कोणीतरी सांगितलंय, मॅडमच्या पाया पड म्हणजे होईल. मला बघून ती उठली. मी तिला पुन्हा तेच सांगितलं, की बाई, इंजिन बदललेलं, नियम आहे. ती म्हणाली, ‘नियम बठ्ठासले सारखा शे ना मॅडम? मंग काई नई.’ आणि गेली. मला वाटतं आता ती येणार नाही.

मी वर आले. चहा आणला नाही. साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ही फाइल माझ्या वडिलांची आहे, मी हाताळू नये. ते म्हणाले, ठीक, रतिलालना द्या. मी तिथंच थांबायला हवं होतं का? कदाचित तेवढंही पुरलं असतं. पण मी म्हटलं, ‘सर, इंजिन बदललेलं आहे. मी स्वतः नंबर पाहिला आहे.’ मग गाडी पुन्हा तपासली गेली.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या बाईसाठी घर मोडलंस. म्हणा. तुमच्याकडे रुमालाखाली हात घालून पंचवीस वर्षं राखलेला एक शब्द होता. माझ्याकडे हा एकच होता, मी टेबलाशी बसून लोकांना सांगते तो. तुम्ही तुमचा माझ्यासाठी मोडला नाहीत. मी माझा तुमच्यासाठी मोडला नाही. हिशेब सारखा आहे असं लिहिणार होते, पण सारखा नाही. माझ्या पारड्यात काकांची पोरं आहेत.

रात्री झोप येत नाही तेव्हा वाटतं, मी खरं बोलले की सूड घेतला? भिकुबाई बाकावर नसती तरी मी गेले असते का? मला खरंच कळत नाही, नाना. तुम्ही हरिपाठ म्हणता, तुम्हाला माणसाच्या मनातलं कळतं. मला सांगा.

झुलालकाकांना सांगा की चूक त्यांच्या हाताची नव्हती. कोणाच्याही हातून ती गाडी तिथंच गेली असती. माझी शिल्लक तशीच आहे. दुरुस्तीला ती घ्या. वाटा काढू नका.

चैत्राच्या पाडव्याला मी येऊ का? तुम्ही ये म्हणालात तर येईन.

तुमची,
मंदा

*

श्री

मु. पो. निमखेडे, ता. अमळनेर, जि. जळगाव
११ एप्रिल १९९५

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
धुळे शाखा यांस

विषय : नामंजूर विमा दाव्याची मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत.

महाशय,

मी, खाली सही करणार अभिमन नारायण पाटील, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती, विनंती अर्ज करतो की :

माझ्या मोटारीचा विमा दावा आपल्या कार्यालयाने नामंजूर केल्याचे पत्र मिळाले. निर्णय नियमास धरून आहे. माझी कोणतीही तक्रार नाही. आपल्या कार्यालयातील ज्या कर्मचाऱ्याने ही बाब निदर्शनास आणली त्यांनी आपले कर्तव्य केले आहे, व त्याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये.

सदर मोटार आमच्या एकत्र कुटुंबाची होती. पाडव्याचे मुहूर्तावर आम्हा दोघा बंधूंची शेती, बैल, भांडी व घर यांची वाटणी पंचांसमक्ष झालेली आहे. आमच्या बहिणीने कोणाकडे राहावे हे ठरले नसल्याने ती सध्या एक वेळ इकडे व एक वेळ तिकडे जेवते. मोटार कोणीच घेण्यास तयार नसल्याने ती भंगारात देण्याचे ठरले आहे. भंगारवाला मूळ पुस्तक मागतो. ते दाव्यासोबत आपल्याकडे जमा आहे.

दुरुस्तीसाठी एका व्यक्तीने स्वतःची शिल्लक देऊ केली होती. त्याची आता आवश्यकता नाही, हे कृपया त्यांना कळवावे.

तरी मोटारीचे पुस्तक व इतर मूळ कागद परत मिळावेत, ही विनंती. कागद टपालानेच पाठवावेत. कोणी समक्ष घेऊन येण्याची तसदी घेऊ नये.

कळावे,

आपला विश्वासू,
अभिमन नारायण पाटील